आकृतीतल्या रेषेपासून कटरच्या वाटेपर्यंत: छोट्या सीएनसी राउटरवर एक पॉकेट, एक प्रोफाइल

पणजीत फोंतेन्हासच्या गल्ल्यांतून चाललं की दारांशेजारी भिंतीत बसवलेल्या रंगीत अझुलेजो फरश्या दिसतात, कुठे घराचं नाव, कुठे नंबर. फ्लॅटमध्ये राहणाऱ्याला भिंत फोडून फरशी बसवता येत नाही. तो ती लाकडी पाटीत बसवून मागतो. काम अगदी साधं आहे: चौकोनी पाटी, मध्ये फरशीएवढा खड्डा. सीएनसीच्या भाषेत आतला खड्डा म्हणजे पॉकेट आणि पाटी बाहेरून कापून सुटी करणं म्हणजे प्रोफाइल. राउटरवरची निम्मी कामं या दोघांच्या जोडीतच बसतात, म्हणून हेच उदाहरण शेवटपर्यंत नेऊ.

एक गोष्ट आधीच डोक्यात पक्की हवी. आकृतीत वस्तूचं माप असतं, पण मशीनला दिलेल्या आज्ञांच्या फाइलमध्ये, म्हणजे जी-कोडमध्ये, कटरच्या मध्याची जागा असते. या दोहोंत कटरच्या त्रिज्येएवढा फरक असतो आणि तो पॉकेटमध्ये आत, तर प्रोफाइलमध्ये बाहेर मोजायचा असतो. हा हिशोब सॉफ्टवेअर करतंच. तरी तो कागदावर आपणही करावा आणि फाइल हातात आली की तेच आकडे तिच्यात सापडतात का बघावं. बहुतेक वाया गेलेल्या फळ्या या एका तपासणीत वाचल्या असत्या.

## आधी व्हर्नियर, मग आकृती

फरशी 'सहा इंची' म्हणून विकली जाते, पण हाताने बनवलेल्या फरश्या एकसारख्या नसतात. हातात असलेल्यांपैकी सगळ्यात मोठी मोजायची. आपल्या उदाहरणात ती 149.6 मिमी भरली, जाडी 7 मिमी. पॉकेट 152 × 152 मिमी, खोली 8 मिमी ठेवू. म्हणजे चारही बाजूंना 1.2 मिमी फट आणि खाली सिलिकॉनसाठी 1 मिमी जागा. ही फट उगाच नाही. गोव्याच्या पावसात प्लाय ओल धरतो, फरशी मात्र फुगत नाही. प्लाय ओलीने फुगला-आक्रसला की घट्ट बसवलेली फरशी कडेला चटकू शकते.

पाटीसाठी 18 मिमीचा मरीन प्लाय, IS 710 छापलेला. घराबाहेर टांगायची असेल तर साधा कमर्शियल प्लाय घेऊ नये. विकताना 18 म्हणतात, व्हर्नियरवर तो 17.7 निघाला. पुढे सगळीकडे हाच आकडा वापरायचा. बाहेरचं माप 200 × 200, कोपऱ्यांना 15 मिमी त्रिज्येची गोलाई. कच्चा तुकडा 260 × 260 घेतला, म्हणजे क्लॅम्प लावायला भरपूर कड उरते.

आता कोपऱ्यांचा प्रश्न. फरशीचा कोपरा टोकदार असतो, पण गोल फिरणारा कटर पॉकेटच्या आतल्या कोपऱ्यात आपल्या त्रिज्येएवढी गोलाई सोडतोच. 6 मिमीच्या कटरने 3 मिमीची गोलाई राहते. फरशी तिथे अडेल का? नियम सोपा आहे: दर बाजूची फट कटरच्या त्रिज्येच्या 0.293 पटीपेक्षा जास्त असेल तर टोकदार कोपरा गोलाईत अडकत नाही. इथे 3 × 0.293 = 0.88 मिमी आणि आपली फट 1.2. काम झालं, कोपऱ्यात काहीही करायला नको. फट 0.2 असती, उदाहरणार्थ लाकडात लाकूड जडवायचं असतं, तर कोपऱ्यात कटर तिरका थोडा आत घालून डॉगबोन काढावा लागला असता. एखाददुसऱ्या पाटीसाठी डॉगबोनपेक्षा मेस्ताच्या हातातली पटाशी बरी, कोपरा स्वच्छ दिसतो.

## डीएक्सएफ आली, म्हणजे आकृती तयार झाली असं नाही

गिऱ्हाइकाची आकृती बहुधा कोरल ड्रॉ किंवा ऑटोकॅडमधून डीएक्सएफ होऊन येते. ती उघडल्यावर पहिलं काम म्हणजे माहीत असलेलं एक माप मोजणं. पॉकेटची बाजू 152 यायला हवी. ती 5.98 आली तर फाइल इंचात आहे, 25.4 ने मोठी करा. 3861 आली तर मिमीतली फाइल इंच समजून उघडली गेली.

दुसरं, रेषा बंद आहेत का. पॉकेटसाठी सॉफ्टवेअरला आत आणि बाहेर कळावं लागतं. कोपऱ्यात केसाएवढी फट असली तरी ते कळत नाही आणि टूलपाथ, म्हणजे कटरची आखलेली वाट, रिकामा येतो किंवा रेषेवरच चालतो. तिसरं, एकावर एक पडलेल्या दुहेरी रेषा. डोळ्यांना एकच दिसते, मशीन मात्र तीच वाट दोनदा कापतं. रेषा निवडून बाजूला सरकवली आणि खाली तशीच दुसरी दिसली, तर खालची पुसा.

खरं सांगायचं तर इतक्या साध्या पाटीसाठी मी आलेली डीएक्सएफ दुरुस्त करत बसत नाही. मापं घेतो आणि फ्रीकॅडमध्ये नव्याने काढतो. वळणदार अक्षरं किंवा नक्षी असेल तरच दुरुस्ती परवडते. फ्रीकॅड फुकट आहे. त्यातल्या टूलपाथच्या विभागाला पूर्वी `Path` म्हणत, 1.0 आवृत्तीपासून तो `CAM` नावाने आहे. मध्यबिंदूभोवती 200 चा चौकोन, कोपऱ्यांना गोलाई, तो `Pad` ने 17.7 जाड करायचा. वरच्या पृष्ठावर 152 चा चौकोन काढून `Pocket` ने 8 खोल. घन आकार तयार.

मध्यबिंदू मुद्दाम धरला आहे. X0 Y0 पाटीच्या मध्यावर ठेवला की सगळे आकडे दोन्ही बाजूंना सारखे येतात आणि तपासणी सोपी होते. मशीनवरही कच्च्या तुकड्याचे दोन कर्ण पेन्सिलने ओढले की मध्य मिळतो. Z0 प्लायच्या वरच्या पृष्ठावर.

आता कागदावरचा हिशोब. पॉकेटची भिंत मध्यापासून 76 वर, कटरची त्रिज्या 3, म्हणून कटरचा मध्य 73 पर्यंत जाईल. पाटीची कड 100 वर, म्हणून प्रोफाइलमध्ये कटरचा मध्य 103 वर फिरेल आणि कोपऱ्यात 15 ऐवजी 18 च्या त्रिज्येने वळेल. पॉकेटचा तळ −8. प्रोफाइलचा तळ −18, म्हणजे प्लायच्या खाली 0.3 मिमी स्पॉइलबोर्डमध्ये, मशीनवर कायम अंथरलेल्या भंगार फळीत. 73, 103, −8, −18. हे चार आकडे पाटीच्या मागे लिहून ठेवा.

## कटर आणि वेग

मशीन 400 × 400 चं, 500 वॉटचा स्पिंडल, ER11 कोलेट, GRBL कंट्रोलर असं धरू. कटर 6 मिमीचा, सपाट तोंडाचा, दोन धारांचा कार्बाइड. धारेची लांबी किमान 20 मिमी हवी, कारण 18 मिमी खोल जायचं आहे. धार आखूड असेल तर शेवटच्या थरांत कटरची गुळगुळीत दांडी भिंतीला घासते आणि लाकूड जळतं. धारेचा पीळही पाहावा. वर ओढणारा कटर भुसा बाहेर फेकतो, पण प्लायची वरची पातळ पापडी उचकटतो. खाली दाबणारा कटर कड स्वच्छ ठेवतो, पण भुसा खाचेत ठासतो. दर्शनी बाजू वर असल्यामुळे इथे खाली दाबणारा घ्यावा आणि व्हॅक्यूमची नळी कटरजवळ धरावी.

कटर पुढे सरकण्याचा वेग, म्हणजे फीड, ठरवायचा तो प्रत्येक धार किती मिलिमीटर लाकूड खाते त्यावरून. प्लायमध्ये एवढ्या मशीनला 0.05 मिमी झेपतं. 12000 फेरे × 2 धारा × 0.05 = 1200 मिमी/मिनिट. पॉकेटला हा वेग ठेवू. प्रोफाइलमध्ये कटर पूर्ण रुंदीने खाचेत असतो, तिथे 900. एका थराची खोली 2 मिमी, म्हणजे पॉकेट 4 थरांत आणि प्रोफाइल 9 थरांत. हे आकडे सुरुवातीचे. चिमटीत घेतलेला भुसा पिठासारखा आणि काळपट असेल तर फीड कमी पडतंय, कटर कापण्याऐवजी घासतोय. मशीन थरथरत असेल तर आधी थराची खोली कमी करा, फीड नंतर.

## पॉकेटचा टूलपाथ

`CAM` मध्ये `Job` तयार करा आणि घन आकार निवडा. `Stock` मध्ये कच्च्या तुकड्याचं माप टाका, शून्यबिंदू वरच्या पृष्ठाच्या मध्यावर आणा आणि जी-कोड लिहून देणारा पोस्ट प्रोसेसर `grbl` निवडा. कटरच्या नोंदीत व्यास 6 आणि दोन्ही फीड भरा: आडवं 1200, उभं 300. प्रोफाइलसाठी त्याच कटरची दुसरी नोंद करा, आडवं 900. फीड रिकामं राहिलं तर GRBL पहिल्याच कापाला `error:22` देऊन थांबतो.

आता पॉकेटचा तळ निवडून `Pocket Shape`. `Step Down` 2 मिमी, `Final Depth` −8. बाजूच्या दोन फेऱ्यांतलं अंतर कटरच्या 40 टक्के, म्हणजे सुमारे 2.4 मिमी. 80 टक्क्यांनी वेळ निम्मा लागतो खरा, पण लहान मशीनचा सांगाडा वाकतो आणि तळावर पायऱ्या उमटतात. कटर लाकडात उतरण्यासाठी हेलिकल किंवा रॅम्प ठेवा, म्हणजे तो पिळाने किंवा उताराने जातो. या सपाट कटरची धार मध्यावर नीट कापत नाही, त्यामुळे सरळ खाली घुसवला की तो जळका ठिपका सोडतो.

भिंतीला 0.2 मिमी लाकूड राखून ठेवा. मग पॉकेटची तीच भिंत घेऊन आतल्या बाजूने एक `Profile` करा, 4-4 मिमीच्या दोन थरांत. ही शेवटची फेरी. जाड काप घेताना कटर बाजूला वाकतो आणि किती वाकेल ते लाकडावर ठरतं. पातळ काप घेताना जवळजवळ वाकत नाही, म्हणून खरं माप याच फेरीत मिळतं. दिशा `Climb`, म्हणजे कापायचं लाकूड कटरच्या उजवीकडे. पॉकेटच्या भिंतीवर याचा अर्थ घड्याळाच्या उलट आणि बाहेरच्या प्रोफाइलवर घड्याळाप्रमाणे. या दिशेत कटर वाकला तर भिंतीपासून दूर वाकतो, म्हणजे चूक झाली तरी लाकूड जास्त उरतं, कमी होत नाही.

वेळेचा अंदाजही लागतो. 152 × 152 क्षेत्र 2.4 ने भागलं की एका थरात साधारण साडेनऊ मीटर वाट. 1200 च्या वेगाने आठ मिनिटं, चार थरांना बत्तीस. सॉफ्टवेअर तीन तास दाखवत असेल तर कुठेतरी एकक चुकलंय.

## प्रोफाइल, आणि तुकडा सुटू न देणं

प्रोफाइल नेहमी शेवटी. पाटी एकदा सुटली की ती कुठे आहे याचा भरवसा राहत नाही, मग तिच्यात पॉकेट कापता येत नाही. बाहेरची कड निवडून `Profile`, बाजू `Outside`, `Step Down` 2. `Final Depth` मॉडेलवरून −17.7 येईल, ते −18 करा. हे जास्तीचे 0.3 मिमी स्पॉइलबोर्ड सपाट आहे असं गृहीत धरतात. एमडीएफचा स्पॉइलबोर्ड पावसाळ्यात फुगतो, त्यामुळे ऑगस्टमध्ये एका कोपऱ्यात पाटी कापली जाते आणि दुसऱ्यात नाही. पावसात त्याचा वरचा थर एकदा राउटरनेच घासून सपाट करून घ्यावा.

शेवटच्या थरात पाटी धरून ठेवायला टॅब, म्हणजे न कापता सोडलेले छोटे जोड, हवेत. प्रत्येक सरळ बाजूला एक, 8 मिमी रुंद, तळापासून 2 मिमी उंच. तळ −18, टॅबचा माथा −16. प्लाय −17.7 ला संपतो, म्हणजे टॅबची खरी जाडी 1.7 मिमी राहते. थरही 2 मिमीचे असल्यामुळे टॅब फक्त शेवटच्या फेरीत येतो, आधीच्या आठ फेऱ्यांत कटरला उठावं लागत नाही. टॅब गोलाईवर ठेवू नका, तिथे घासून साफ करणं वैतागाचं असतं. फ्रीकॅडमध्ये हे `Tag` नावाच्या ड्रेसअपने होतं आणि रॅम्पसाठी `Ramp Entry` आहे.

पॉकेट आणि प्रोफाइल यांच्या दोन वेगळ्या फाइल करा. एकीचं `Active` बंद ठेवून दुसरीचं पोस्ट करायचं. यामागचं कारण पुढे येईल.

## फाइल उघडून वाचा

प्रोफाइलच्या पहिल्या थराचं सार असं दिसायला हवं:

```
G21 G90 G17 G54
M3 S12000
G4 P5
G0 Z15
G0 X0 Y103
G0 Z1
G1 Z0 F300
G1 X40 Z-2 F600
G1 X85 F900
G2 X103 Y85 I0 J-18
G1 Y-85
G2 X85 Y-103 I-18 J0
G1 X-85
G2 X-103 Y-85 I0 J18
G1 Y85
G2 X-85 Y103 I18 J0
G1 X40
```

`G21` म्हणजे मिमी, `G90` म्हणजे शून्यबिंदूपासूनची मापं. `G4 P5` स्पिंडलला वेग घ्यायला पाच सेकंद देतं. GRBL मध्ये `P` सेकंदांत असतो, मार्लिनवर हीच ओळ पाच मिलिसेकंद होते. `Z15` ही उंची क्लॅम्पच्या बोल्टपेक्षा जास्त आहे ना, पट्टीने मोजा. `X0` पासून `X40` पर्यंत कटर उतरत उतरत 2 मिमी खोल जातो. त्यामुळे शेवटची ओळ पुन्हा `X40` पर्यंत येऊन तो राहिलेला उतार कापते. `I` आणि `J` कंसाच्या सुरुवातीपासून मध्याचं अंतर सांगतात. तिथे 18 दिसतंय, कागदावर काढलं होतं तेच.

आता संपादकात 103 शोधा. सापडलं तर ठीक. त्याऐवजी 100 असेल तर कटर रेषेवर चालणार आणि पाटी 194 ची होणार. 97 असेल तर बाजू आत निवडली गेली आहे, पाटी 188 ची. पॉकेटमध्ये 79 दिसलं तर खड्डा 164 चा होईल. सर्वांत खोल Z −18 च्या खाली कुठेही नको. सिम्युलेशनचं रंगीत चित्र बघताना या चुका नजरेतून निसटतात, कारण 188 ची पाटी पडद्यावर 200 च्या पाटीसारखीच दिसते. आकडा मात्र लपत नाही. टॅब आणि क्रम पाहण्यासाठी सिम्युलेशन उत्तम, मापासाठी फाइल.

## मशीनवर

तुकडा चारही कडांच्या मध्यावर क्लॅम्प करा. प्रोफाइलमध्ये कटरची बाहेरची धार 106 पर्यंत जाते आणि तुकडा 130 वर संपतो, म्हणजे क्लॅम्पचं तोंड 20 मिमीपेक्षा आत येता कामा नये. मध्यावर X आणि Y शून्य करा, कागद सरकवत Z शून्य करा.

गोव्यात जूननंतर आणखी एक सवय लावून घ्यावी. पहिला काप घेण्याआधी `X-120 Y-120` या जागी, जिथे फक्त भंगार कड आहे, कटरने 3 मिमी खोल एक खूण-भोक पाडा. वीज गेली आणि मशीनला होमिंग स्विच नसतील तर शून्य हरवतो आणि मध्यावरची पेन्सिलची फुली तर पॉकेटमध्ये केव्हाच गेलेली असते. वीज आली की स्पिंडल बंद ठेवून कटर हाताने त्या भोकात अलगद उतरवा आणि ही आज्ञा द्या:

```
G10 L20 P1 X-120 Y-120
```

X आणि Y परत मिळाले. कटर वर उचलून Z पुन्हा न कापलेल्या पृष्ठावर कागदाने घ्या आणि अर्धवट राहिलेली फाइल पहिल्यापासून चालवा. झालेले थर हवेत जातील, वेळ जाईल, पण पाटी वाचेल.

पहिल्यांदा हवेत चालवून बघा. कटर पृष्ठापासून 20 मिमी वर उचलून तिथेच Z शून्य केला की −18 चा काप पृष्ठाच्या 2 मिमी वरून जातो. पण क्लॅम्पचे बोल्ट याहून उंच असतात, तेव्हा हात बंद करायच्या बटनावर ठेवा. वाट बरोबर दिसली की खरा Z शून्य परत घ्या. हे विसरायचं नाही.

आता पॉकेटची फाइल चालवा आणि थांबा. क्लॅम्प न हलवता भुसा झाडून फरशी घालून बघा. अडत असेल तर आतल्या फेरीच्या टूलपाथमध्ये भिंत 0.1 मिमी बाहेर सरकवून तेवढीच फेरी पुन्हा चालवता येते, कारण शून्य अजून जागेवर आहे. दोन फाइल केल्या त्या याचसाठी. फरशी बसली की मग प्रोफाइल.

पाटी सुटल्यावर टॅब बारीक करवतीने कापा आणि पॉकेट व बाहेरची बाजू दोन्ही मोजा. एकटं माप काही सांगत नाही, दोन मिळून सांगतात. पॉकेट 151.9 आणि पाटी 200.1 आली, म्हणजे एक लहान आणि दुसरी तेवढीच मोठी, तर कटर 6 चा नसून 5.9 चा आहे. सॉफ्टवेअरमध्ये व्यास बदला. पॉकेट 152.3 आणि पाटी 200.4 आली, म्हणजे दोन्ही मोठी आणि मोठ्या मापात चूक जास्त, तर कटर निर्दोष आहे, अक्षाचे स्टेप चुकलेत. X दिशेत असं असेल तर `$100`, Y दिशेत असेल तर `$101`. आत्ताच्या आकड्याला हवं असलेलं माप ÷ मिळालेलं माप, म्हणजे 200 ÷ 200.4 ने गुणायचं. ही दुरुस्ती पाटीपेक्षा लांब मापावर, 300 मिमी अंतराच्या दोन भोकांवर केली तर जास्त विश्वासाची, कारण तिथे व्हर्नियरची चूक त्या मानाने लहान पडते. आणि कर्ण मोजले असता एक दुसऱ्यापेक्षा लांब निघाला, तर यातलं काहीच बदलू नका. मशीनचे दोन अक्ष काटकोनात नाहीत, ते बोल्ट सैल करून गुण्यानेच बसवावं लागतं.